पसायदानातली क्रियापदं

नमस्कार, श्रोतेहो. पसायदान आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. शाळेत म्हटलेलं, कीर्तनाच्या शेवटी ऐकलेलं. पण शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मधल्या या ओव्यांची क्रियापदं आपण आजच्या कानांनी ऐकतो आणि अर्थ थोडा निसटतो.

‘जे खळांची व्यंकटी सांडो’ हेच घ्या. आज दूध सांडतं, पाणी सांडतं. ज्ञानदेवांच्या मराठीत सांडणे म्हणजे टाकणे, सुटून जाणे. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. दुष्ट नाहीसे होवोत असं ते मागतच नाहीत. दुष्टांचा वाकडेपणा सुटावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, एवढंच मागणं आहे.

पुढच्या ओवीत ‘विश्व स्वधर्मसूर्यें पाहो’ येतं. ‘जगाने स्वधर्माचा सूर्य पाहावा’ असा अर्थ पुष्कळदा सांगितला जातो. पण ‘सूर्यें’ची तृतीया नीट ऐका. ‘सूर्यें’ म्हणजे सूर्याने, ‘सूर्याला’ नव्हे. शिवाय जुन्या मराठीत पाहणे याचा उजाडणे असाही अर्थ होता, ‘पहाट’ शब्दात तो अजून ऐकू येतो. सूर्याच्या उजेडात जगाने पाहावं, असा अन्वय व्याकरणात बसतो खरा, पण आधीच्याच चरणात ‘दुरिताचें तिमिर जावो’ म्हटलंय. अंधार गेल्यावर काय होतं? उजाडतं. म्हणून मला वाटतं, इथे जग उजळून निघावं हाच अर्थ घ्यावा.

आता प्रत्यय बघा. सांडो, वाढो, जावो यांतला ‘ओ’ एकवचनी. ‘देव तुझं भलं करो’ म्हणताना आपण तोच वापरतो. पण ‘सज्जन सोयरे होतु’मधलं ‘तु’ अनेकवचनी आहे, संस्कृत ‘भवन्तु’च्या वळणाचं. आज आपण तिथे ‘होवोत’ म्हणू. सज्जन अनेक आहेत, हे क्रियापदच सांगतं.

सगळ्यात सुंदर रूप शेवटाकडे येतं: ‘भजिजो आदिपुरुखीं’. यातला ‘इज’ हा जुना कर्मणी प्रत्यय आणि त्याला तोच इच्छेचा ‘ओ’ लागलेला. म्हणजे ‘भजन केलं जावो’. कोणी करावं, ते नाव घेऊन सांगितलेलं नाही. आधी तिन्ही लोक सर्व सुखांनी पूर्ण व्हावेत असं मागितलंय, तेव्हा भजणारेही तेच सगळे.

हा ‘इज’ जुन्या ओव्यांत पावलोपावली भेटतो. कीजे म्हणजे केलं जातं, म्हणिजे म्हणजे म्हटलं जातं. आपल्या बोलण्यातलं ‘म्हणजे’ त्या ‘म्हणिजे’चंच घासलेलं रूप. आणि ‘पाहिजे’ तर जसंच्या तसं उरलंय. त्याचा मूळ अर्थ ‘पाहिलं जातं’, त्यातून ‘हवं असतं’ असा झाला. म्हणूनच ‘मी वह्या पाहिजे’ असं आपण म्हणत नाही, ‘मला दोन वह्या पाहिजेत’ म्हणतो. तिथे क्रियापद चालतं वह्यांच्या मागे, आपल्या मागे नाही.