किंमत = सीमांत खर्च, पण उत्तरं दोन आली तर?

नमस्कार! पूर्ण स्पर्धेतल्या उत्पादनसंस्थेचा नफा महत्तम कधी होतो? किंमत आणि सीमांत खर्च समान असतात तेव्हा. हे पाठ असूनही उदाहरण सोडवताना खूप जण एका जागी अडकतात. आज तीच जागा बघू.

बाजारातली किंमत आहे 15. संस्था इतकी लहान की तिने कितीही नग विकले तरी किंमत हलत नाही. म्हणून प्रत्येक जादा नगामागे तिला 15च मिळतात. एकूण खर्चाचं समीकरण असं:

```
TC = q³ − 9q² + 30q + 10
```

शेवटचे 10 म्हणजे स्थिर खर्च. q च्या संदर्भात विकलन केलं की सीमांत खर्च मिळतो. तो किंमतीबरोबर मांडू:

```
MC = 3q² − 18q + 30 = 15
q² − 6q + 5 = 0
q = 1 किंवा q = 5
```

इथेच चूक होते. दोन्ही ठिकाणी अट पाळली जाते, मग कुठलंही घ्या असं वाटतं. ताळा करून बघा. 1 नगाला प्राप्ती 15, खर्च 32, म्हणजे तोटा 17. उत्पादन शून्य ठेवलं असतं तर तोटा फक्त 10 झाला असता! 5 नगांना प्राप्ती 75, खर्च 60, नफा 15.

असं का? 1 नगाशी सीमांत खर्च उतरतो आहे. त्याच्या आधी तो 15 च्या वर होता, नंतर खाली जातो. म्हणजे तोट्याचा टप्पा तिथे संपतो आणि पुढचा प्रत्येक नग थोडं थोडं भरून काढायला लागतो. नेमकं तिथेच थांबणं सगळ्यात महाग. 5 नगाशी उलट: सीमांत खर्च चढतो आहे. पाचवा नग खर्चात 10 ची भर घालतो आणि 15 आणतो, तो हवाच. सहावा 22 ची भर घालतो, तो नको. 6 नग केले तर नफा 8 वर येतो. म्हणून ज्या उत्तराशी सीमांत खर्च वाढता आहे, तेच घ्यायचं. MC चं विकलन 6q − 18; q = 5 ला ते 12, धन. q = 1 ला उणे 12.

आता मला फार आवडणारा भाग. स्थिर खर्च 10 ऐवजी 40 करा. 5 नगांवर आता 15 तोटा. उत्पादन बदलायचं का? नाही. विकलनात तो 40 उरतच नाही, शिवाय काम बंद ठेवलं तर तोटा पूर्ण 40.

बंद कधी करायचं मग? किंमत सरासरी बदलत्या खर्चाच्या किमान पातळीखाली गेली की. इथे तो खर्च q² − 9q + 30, किमान q = 4.5 ला, 9.75. किंमत 9 झाली तर समीकरण सोडवूच नका, उत्पादन शून्य.