पुण्याचे दादा मधेच गेले, ते इतिवृत्तात कसे लिहायचे?

नमस्कार श्रोतेहो.

गेली कित्येक वर्षे मी आमच्या गावच्या मंडळाचा चिटणीस आहे. गाव खाडीच्या काठी, निम्मी घरे कुलूपबंद, आणि कार्यकारिणीतले निम्मे सभासद चाकरमानी. पूर्वी सभा घ्यायची म्हणजे गणपती नाहीतर शिमगा गाठावा लागायचा. आता देवळाच्या सभामंडपात लॅपटॉप लावतो, मुंबई-पुण्याची मंडळी त्यावर येतात, आणि आषाढातल्या रविवारीही सभा होते. सोय फार मोठी झाली. पण इतिवृत्त मात्र मी जुन्याच पद्धतीने लिहीत राहिलो. "उपस्थित १४. चर्चेअंती ठराव बहुमताने मंजूर." त्यातून काय झाले ते आज तुम्हाला सविस्तर सांगतो, कारण किनाऱ्यावरच्या पुष्कळ वाड्यांत अशाच सभा होत असणार.

विषय होता वरच्या वाडीच्या पाखाडीचा. जांभ्याच्या जुन्या पायऱ्या खचल्या होत्या. त्या काढून काँक्रीट करावे, असा ठराव मांडला गेला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते की चिरे पुन्हा बसवावेत, काँक्रीटवर पावसात शेवाळ धरते आणि म्हातारी माणसे घसरतात. कार्यकारिणी १७ जणांची. सभामंडपात अध्यक्षांसह ८ जण, लॅपटॉपवर ६ जण. बाहेर धो धो पाऊस.

मतदान घेतले. मंडपात हात वर केले, ४ बाजूने, ४ विरुद्ध. मग अध्यक्ष लॅपटॉपकडे वळून म्हणाले, "तुम्ही चॅटमध्ये टाका." आता पुढचे वेळेसकट ऐका, कारण सगळा घोळ त्या सहा मिनिटांतला आहे.

११ वाजून २० मिनिटांनी डोंबिवलीच्या काकांनी लिहिले, "हो". २१ मिनिटांनी पनवेलच्या भाऊंनी लिहिले, "हो". त्याच मिनिटाला विरारच्या वहिनींनी लिहिले, "नाही, जांभाच हवा". २२ मिनिटांनी बोरिवलीच्या भाऊजींचा नुसता अंगठा आला. ठाण्याच्या आक्कांनी "नाही" लिहिले, पण ते सगळ्यांना न जाता फक्त लॅपटॉप चालवणाऱ्या मुलाला खासगी गेले. तो तेव्हा आवाज नीट करण्यात गुंतला होता. आणि पुण्याचे दादा? त्यांचे नेट ११ वाजून १४ मिनिटांनीच गेले होते. ते ११ वाजून २६ मिनिटांनी परत आले आणि आल्या आल्या लिहिले, "माझेही नाही". तोवर आम्ही पुढच्या विषयावर गेलो होतो.

मी अंगठा "हो" धरला. आक्कांचे मत माझ्यापर्यंत आलेच नाही. दादांचे पाहिलेच नाही. वहीत लिहिले: ७ विरुद्ध ५, ठराव मंजूर.

आता मोजून पाहा. आक्कांचे मत धरले तर ७ विरुद्ध ६. दादांचे धरले तर ७ विरुद्ध ७, म्हणजे अध्यक्षांच्या निर्णायक मतावर गोष्ट गेली. आणि बोरिवलीच्या भाऊजींनी नंतर सांगितले की त्यांनी अंगठा दाखवला तो वहिनींच्या "जांभाच हवा" याला! म्हणजे ६ विरुद्ध ८, ठराव पडला. एकच सभा, तीच माणसे, आणि निकाल तीन. कोणी खोटे बोलले नव्हते. मी जे लिहायला हवे होते ते लिहिले नाही, एवढेच घडले.

दादांचे मत धरायचे की नाही, यावर गावात बराच वाद झाला. काही जण म्हणाले, नेट गेले हा त्यांचा दोष नाही, मत धरा. काही म्हणाले, मतदान संपल्यावर आलेले मत कसे धरणार? पण मतदान संपले केव्हा, हेच कुठे नोंदलेले नव्हते. अध्यक्षांनी "मतदान सुरू" म्हटले होते, "मतदान बंद" म्हटलेच नव्हते. मतदान बंद झाल्याची वेळ वहीत असती, तर दादांचे मत उशिरा आले हे कोणालाही वाचून कळले असते, आणि दादांनीही ते मान्य केले असते. ती वेळ नाही म्हटल्यावर उशीर ठरवायचा कशावरून?

त्यानंतर मी शिकायला बसलो. कंपन्यांसाठी २०१३ च्या कंपनी कायद्याखाली २०१४ साली संचालक मंडळाच्या सभांचे नियम आले, त्यात व्हिडिओवरून हजर राहणाऱ्यांसाठी पद्धत घालून दिली आहे. ते नियम आपल्या गावच्या मंडळाला लागू होत नाहीत, आपल्याला आपली घटना नाहीतर उपविधी पाहायचे. पण पद्धत उचलण्यासारखी आहे. सुरुवातीला अध्यक्ष एकेकाचे नाव पुकारतात. प्रत्येकाने आपले नाव सांगायचे, आपण कुठून बोलतो आहोत ते सांगायचे, विषयपत्रिका मिळाली आहे हे सांगायचे, आणि खोलीत आपल्याजवळ दुसरे कोणी सभा ऐकत नाही हेही सांगायचे. बोलताना आवाज तुटला तर पुन्हा बोलायची विनंती करायची. एखाद्या ठरावाला हरकत आली आणि मत घ्यायची वेळ आली, तर पुन्हा नाव पुकारून प्रत्येकाचे मत नोंदवायचे. सभेनंतर १५ दिवसांत इतिवृत्ताचा मसुदा सगळ्यांना पाठवायचा आणि ७ दिवसांत दुरुस्त्या मागवायच्या.

नाव पुकारणे मला सुरुवातीला शाळेतल्या हजेरीसारखे वाटले. पण पडद्यावर माणसाच्या नावाऐवजी कितीदा मोबाइलच्या मॉडेलचे नाव असते, ते आठवा. एका फोनसमोर नवरा-बायको बसलेले असतात आणि सभासद दोघांपैकी एकच असतो. नेट जाऊन परत आलेला माणूस हजेरीच्या अहवालात कधी कधी दोन ओळींत दिसतो, आणि परत येताना त्याने फोन बदलला तर दोन वेगळ्या नावांनीही. त्या ओळी मोजून गणपूर्ती भरली असे लिहिलेत, तर ती खोटी भरते. पुकारलेल्या नावाला माणसाने दिलेली ओ, एवढाच हजेरीचा भरवशाचा पुरावा.

चॅटमधल्या मताचेही तसेच. चॅटला मी मतपेटी धरत नाही. चॅटमध्ये मत आले की अध्यक्ष ते मोठ्याने वाचतात, "ठाण्याच्या आक्का, तुमचे मत विरुद्ध, बरोबर?" आणि आक्का हो म्हणतात, किंवा आवाज जात नसेल तर तसे लिहून कळवतात. असे खातरजमा झालेले मतच वहीत जाते. अंगठा, फूल, हात जोडलेले चित्र यांना आम्ही मत धरत नाही. तसे आले की "शब्दांत कळवा" एवढेच सांगतो. खासगी आलेले मत खासगी राहू देत नाही, कारण मंडपातल्यांनी सगळ्यांदेखत हात वर केलेले असतात. हां, तुमच्या घटनेत एखाद्या विषयाला गुप्त मतदान सांगितले असेल, तर चॅट तिथे चालणारच नाही. त्याला वेगळी सोय करावी लागते.

सभा बंद करण्याआधी चॅट जतन करून घ्यायचे, हे मी आता लॅपटॉपवरच्या मुलाला आधीच सांगून ठेवतो. बऱ्याच ठिकाणी खिडकी बंद झाली की ते जाते. आणि वेळ लिहायची ती त्याच लॅपटॉपची. आमच्या मंडपातले भिंतीवरचे घड्याळ सात मिनिटे पुढे आहे. वहीतली वेळ त्यावरून आणि चॅटची वेळ लॅपटॉपवरून घेतली, तर दोन्ही खऱ्या असूनही जुळत नाहीत.

मग तोच प्रसंग वहीत कसा उतरला असता? मी लिहून ठेवलेला नमुना वाचून दाखवतो.

"विषय ४. मतदान ११.२० वाजता सुरू. पुण्याचे सभासद ११.१४ वाजता संपर्काबाहेर गेले, फोनवरून दोनदा प्रयत्न केला, लागला नाही. सभामंडपात बाजूने ४, विरुद्ध ४. दूरस्थ सभासदांची मते चॅटवरून आली, अध्यक्षांनी वाचून खातरजमा केली: डोंबिवली बाजूने, पनवेल बाजूने, विरार विरुद्ध, बोरिवली विरुद्ध, ठाणे विरुद्ध. मतदान ११.२३ वाजता बंद झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले. बाजूने ६, विरुद्ध ७. ठराव नामंजूर. पुण्याचे सभासद ११.२६ वाजता परत आले. त्यांनी आपले मत विरुद्ध असल्याचे कळवले, ते मोजणीत धरलेले नाही, परंतु त्यांच्या विनंतीवरून नोंदवले आहे."

प्रत्यक्ष वहीत अर्थातच सभासदांची पूर्ण नावे येतात, इथे मी गावांवर भागवले. यात पाहण्यासारखे हे की दादा त्या विषयाला "अनुपस्थित" नाहीत आणि "तटस्थ" तर मुळीच नाहीत. तटस्थ म्हणजे हजर राहून मत न देणारा. ज्याचे नेट गेले त्याने तसे काही ठरवलेले नसते. आमच्या जुन्या वह्यांत अशा माणसांना मी बिनदिक्कत तटस्थ लिहिले आहे, आणि ते चूक होते.

कोकणात आणखी एक प्रकार होतो. वीज जाते आणि मंडपच संपर्काबाहेर जातो. मुंबईकर मात्र एकमेकांना दिसत असतात आणि त्यांचे बोलणे चालूच राहते. परवा असेच बारा मिनिटे झाले. इन्व्हर्टर सुरू होऊन आम्ही परत आलो, तर त्यांनी वर्गणीचा आकडा ठरवूनही टाकला होता! अध्यक्षांनी तो विषय पुन्हा पहिल्यापासून घेतला. वहीत गेले ते असे: सभा या वेळेपासून या वेळेपर्यंत खंडित, त्या काळातील बोलणे कामकाजाचा भाग नाही. सभा जिथे बोलावली तिथे ती असते, आणि अध्यक्षांशिवाय चाललेले बोलणे म्हणजे गप्पा, मग त्यात कितीही शहाणपण असो.

पाखाडीचे पुढे काय झाले ते सांगतो. गणपतीत सगळे गावी आले तेव्हा सभा घेतली. पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करण्याचा. तिथे आक्का उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझे मत यात नाही." चॅट जतन केलेले होते, तो मुलगा फोन घेऊन पुढे आला आणि सगळ्यांनी वाचले. मी जुन्या पानावर खाडाखोड केली नाही, पांढरा रंगही फासला नाही. जुनी नोंद आहे तशी ठेवून नव्या सभेत लिहिले की विषय ४ ची मतनोंद अपुरी होती, मतदान बंद झाल्याची घोषणा नव्हती, तीन मतांची नोंद चुकली किंवा राहिली, सबब मतदान पुन्हा घेण्याचे ठरले. काम कोणाला दिलेले नव्हते म्हणून हे जमले. ठेकेदाराने पहिला चिरा उखडला असता, तर गोष्ट फार अवघड झाली असती.

पुन्हा नावे पुकारली. १६ जण समोर बसलेले, एक जण दुबईहून फोनवर. बाजूने ६, विरुद्ध ११. दुबईच्या सभासदांचा आवाज मधे तुटला, तेव्हा अध्यक्षांनी त्यांना मत पुन्हा सांगायला लावले आणि मी ते दोनदा सांगितल्याचेही लिहिले. नवरात्रानंतर जांभ्याचे चिरे आले.