मसुद्याचं एक वाक्य

(नागपुरातील लेखन कार्यशाळेत दिलेलं व्याख्यान, संपादित)

मित्रहो, समजा तुमच्यापैकी कुणीतरी मृग बहारावर, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या संत्र्याच्या फुलोऱ्यावर, लेख लिहिला आहे. ‘लेख कशावर आहे?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘संत्र्यावर.’ हा झाला विषय. मला हवं आहे ते लेखाचं म्हणणं सांगणारं एक वाक्य, आणि तेही मसुदा बाजूला ठेवून, आठवणीतून लिहिलेलं. समोर कागद असला की आपण पहिल्या परिच्छेदाचाच गोषवारा उतरवतो, आणि पहिला परिच्छेद बहुधा लिहायला हात बसावा म्हणून लिहिलेला असतो.

आपल्या लेखाचं वाक्य असं निघालं: ‘मृग बहाराचा ताण पाऊस तोडतो, म्हणून मे महिन्यातल्या अवकाळी पावसाने फुलोरा हुकतो.’ ताण म्हणजे फुलं यावीत म्हणून काही काळ बागेचं पाणी बंद ठेवणं. या वाक्यात क्रियापद आहे आणि ‘म्हणून’ आहे. ‘म्हणून’च्या जागी ‘आणि’ येत असेल, तर बहुतेक वेळा दोन लेख एकात कोंबलेले असतात.

आता मसुद्याच्या समासात प्रत्येक ओळीपुढे ती या वाक्यासाठी काय करते ते एका शब्दात लिहा: कारण, पुरावा, परिणाम, अपवाद. ‘एप्रिल-मेमध्ये बागेचं पाणी तोडतात’, इथे ‘कारण’. ‘ताण वेळेआधी मोडला की झाड फुलांऐवजी पालवी फोडतं’, इथे ‘परिणाम’. ‘2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं’, इथे समास कोरा राहतो. माहिती खरी आहे, नागपूरकराला अभिमान वाटावा अशी आहे, पण फुलोऱ्याशी तिचा संबंध नाही. ती काढायची. संत्रा बर्फीची ओळही तशीच जाते.

खरी अडचण जवळच्या ओळींची असते. ‘आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात.’ बहाराचीच गोष्ट आहे, त्यामुळे ती सहज निसटून आत राहते. तिला विचारा, तू गेलीस तर वाक्याचं काय बिघडेल? आहे त्या रूपात काहीच बिघडत नाही. पण ‘आंबियात ताण तोडायचं पाणी शेतकऱ्याच्या हातात असतं, मृगात ते आभाळाच्या हातात’ अशी लिहिली, तर तीच ओळ लेखाचा कणा होते. म्हणजे काही ओळी काढायच्या नसतात, वाक्याकडे वळवायच्या असतात.

निम्म्याहून जास्त समास कोरा राहिला तर मात्र कात्री खाली ठेवा. बहुधा वाक्यच चुकलेलं असतं. ओळी वारंवार बाजारभावाकडे जात असतील, तर तुम्हाला भावावरच लिहायचं आहे. मग वाक्य नव्याने लिहा आणि समास पुन्हा भरा.

काढलेल्या ओळी वेगळ्या पानावर ठेवा, म्हणजे काढताना हात अडत नाही. त्यानंतर फक्त सांधे वाचा. मानांकनाची ओळ गेली आणि पुढची ‘त्यामुळेच’ने सुरू होत असेल, तर ते ‘त्यामुळेच’ आता कशालाच धरून नाही. ‘हे’, ‘तो’, ‘अशा’ या शब्दांचंही तेच होतं. प्रत्येक काटछाटीनंतर आधीची आणि नंतरची ओळ मोठ्याने सलग वाचा. जिथे अडखळाल तिथे नाव पुन्हा लिहा.