सुटणारं रीळ, ताणलेला दोरा

श्रोतेहो, नमस्कार. शक्य असेल तर कागद-पेन्सिल हाताशी घ्या. आज आपल्याला एक छोटं गणित पूर्ण सोडवायचं आहे.

यो-योच्या दोऱ्याचं मोकळं टोक एका खुंटीला घट्ट बांधलं आहे. उरलेला दोरा यो-योच्या आसावर गुंडाळलेला आहे. यो-यो हातात धरला आहे आणि दोरा सरळ, ताठ आहे. आता हात सोडायचा. यो-यो फिरत फिरत खाली येऊ लागतो. प्रश्न दोनच आहेत: तो किती त्वरणानं खाली येतो आणि त्या वेळी दोऱ्यात ताण किती असतो?

यो-योचं वस्तुमान 60 ग्रॅम घेऊ. त्याच्या दोन जाड चकत्या एकसारख्या आणि भरीव आहेत, त्यांची त्रिज्या 3 सेंटीमीटर. मधला आस बारीक, त्याची त्रिज्या अर्धा सेंटीमीटर, आणि त्याचं वजन नगण्य. दोरा पातळ आणि न ताणला जाणारा धरू.

यो-योवर दोनच बलं आहेत. वजन खाली ओढतं, ताण वर ओढतो. वजन केंद्रातून जातं, म्हणून ते यो-योला फिरवू शकत नाही. फिरवण्याचं काम एकटा ताण करतो, आणि तो केंद्रापासून अर्ध्या सेंटीमीटरवर लागतो. बहुतेकांची चूक इथंच होते. टॉर्क काढताना ते 3 सेंटीमीटरनं गुणतात, कारण डोळ्यांसमोर मोठी चकती असते. पण दोरा चकतीला नाही, आसाला गुंडाळलेला आहे. जिथून दोरा सुटतो, तीच त्रिज्या घ्यायची.

आता तीन वाक्यं लिहून घ्या. पहिलं: वजन वजा ताण म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. दुसरं: ताण गुणिले आसाची त्रिज्या म्हणजे जडत्व आघूर्ण गुणिले कोनीय त्वरण. तिसरं: दोरा घसरत नाही, म्हणून त्वरण म्हणजे कोनीय त्वरण गुणिले आसाची तीच त्रिज्या.

दुसरं आणि तिसरं वाक्य जोडलं की एक फार सुंदर गोष्ट हाती येते. ताण म्हणजे जडत्व आघूर्ण भागिले आसाच्या त्रिज्येचा वर्ग, आणि त्याला गुणिले त्वरण. हा भागाकार वस्तुमानाच्याच एककात येतो. म्हणून त्याला आपण ‘फिरण्याचं वस्तुमान’ म्हणू. हे नाव फक्त आजच्या बोलण्यापुरतं, पण त्यानं सगळं गणित डोळ्यांसमोर उभं राहतं. वजनाला जणू दोन वस्तुमानं एकदम हलवायची आहेत, एक यो-योचं स्वतःचं आणि दुसरं हे फिरण्याचं.

आकडे घालू. भरीव चकतीचं जडत्व आघूर्ण म्हणजे वस्तुमानाचा अर्धा भाग गुणिले त्रिज्येचा वर्ग. इथं मात्र त्रिज्या चकतीची, म्हणजे 3 सेंटीमीटर. 30 गुणिले 9, म्हणजे 270 ग्रॅम-सेंटीमीटर वर्ग. त्याला आसाच्या त्रिज्येच्या वर्गानं, म्हणजे 0.25 नं भागा. उत्तर 1080 ग्रॅम! साठ ग्रॅमच्या खेळण्याचं फिरण्याचं वस्तुमान एक किलोच्या वर. त्यात स्वतःचे 60 मिळवले की 1140 ग्रॅम होतात. या सगळ्याला ओढायला वजन आहे ते फक्त 60 ग्रॅमचं. 60 भागिले 1140 म्हणजे एक एकोणिसांश. म्हणून त्वरण गुरुत्वत्वरणाच्या 19 व्या हिश्श्याइतकं, सुमारे 0.52 मीटर प्रति सेकंद वर्ग.

ताण आता एका ओळीत मिळतो: 1.08 किलो गुणिले हे त्वरण, म्हणजे सुमारे 0.56 न्यूटन. यो-योचं वजन 0.59 न्यूटन. ताण वजनापेक्षा कमी आला, पण थोडासाच. ताण वजनाइतकाच धरून गणित सुरू केलं, तर पहिल्याच वाक्यात त्वरण शून्य येतं, आणि सोडलेला यो-यो जागच्या जागी राहायला हवा. वजन आणि ताण यांतल्या त्या लहानशा फरकामुळेच यो-यो खाली सरकतो.

तुलनेसाठी याच 60 ग्रॅमचं भरीव, सरळ रीळ घ्या आणि दोरा त्याच्या बाहेरच्या कडेवर गुंडाळा. आता दोन्ही त्रिज्या एकच, म्हणून फिरण्याचं वस्तुमान फक्त 30 ग्रॅम. त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दोन तृतीयांश, आणि ताण वजनाच्या एक तृतीयांश. रीळ लहान असो वा मोठं, हलकं असो वा जड, हे अपूर्णांक बदलत नाहीत. पाठ्यपुस्तकात ‘दोन तृतीयांश’ हे उत्तर वारंवार भेटतं, म्हणून ते यो-योलाही चिकटवलं जातं. ते फक्त भरीव रिळाचं, कडेवरून सुटणाऱ्या दोऱ्याचं उत्तर आहे. पोकळ, पातळ नळी असेल तर तेही बदलतं: त्वरण निम्मं, ताणही वजनाच्या निम्मा.

पुन्हा यो-योकडे येऊ. दोरा 1 मीटर सुटायला आपल्या हिशोबानं जवळजवळ 2 सेकंद लागतात. घड्याळ लावून मोजलं तर बहुधा वेळ कमी भरेल. कारण दोऱ्याची जाडी. आसावर दोऱ्याचे थरावर थर असतात. सुरुवातीला दोरा वरच्या थरावरून सुटतो, तेव्हा खरी त्रिज्या अर्ध्याऐवजी, समजा, 0.8 सेंटीमीटर असते. मग सुरुवातीचं त्वरण सुमारे 1.2 मीटर प्रति सेकंद वर्ग होतं, म्हणजे दुपटीहून जास्त. थर उतरत जातात तसं ते घटतं. हे ओळखायची खूण अशी: त्वरण कायम असेल तर पहिल्या अर्ध्या मीटरला एकूण वेळेच्या सुमारे 71 टक्के वेळ लागायला हवा. त्याहून स्पष्ट कमी लागला, तर त्रिज्या वाटेत बदलते आहे असं समजा. बारीक शिवणाचा दोरा एका थरात गुंडाळला की हिशोब आणि घड्याळ जवळ येतात.

आता दोरा संपतो तो क्षण. तिथं वेग सेकंदाला सुमारे 1 मीटर असतो आणि यो-यो सेकंदाला 32 फेरे घेत असतो. दोरा आसाला पक्का बांधलेला असेल, तर यो-यो पुढच्या अर्ध्या फेऱ्यात दोऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जातो आणि फिरण्याची दिशा न बदलता वर चढू लागतो. म्हणजे खाली जाणारा 1 मीटरचा वेग वर जाणारा होतो, आणि तोही सुमारे 0.016 सेकंदात. संवेगातला बदल या वेळेनं भागला आणि वजन मिळवलं की सरासरी ताण 8.5 न्यूटनच्या आसपास येतो, वजनाच्या 14 पट. दोरा कमकुवत असेल तर तो वाटेत नाही, इथं तुटतो.

आणि वर चढताना? बलं तीच, त्रिज्या तीच, म्हणून त्वरणही तेच, आणि तेही खालच्याच दिशेला. ताणसुद्धा पुन्हा तोच, 0.56 न्यूटन. खुंटीच्या जागी स्प्रिंगकाटा टांगला तर त्याचा काटा उतरताना आणि चढताना 57 ग्रॅमच्या आसपास राहतो. मधल्या हिसक्याला तेवढा तो एकदम खाली झेपावतो.