लॉजच्या काउंटरवरची सूचना : आधारची प्रत आणि कॅमेऱ्याचे चित्रण

श्रोतेहो, नमस्कार. मालवणसारख्या गावातला सहा-सात खोल्यांचा लॉज डोळ्यांसमोर आणा. काउंटरमागे एक पाटी असते : ‘सुरक्षेच्या कारणास्तव ओळखपत्राची प्रत घेतली जाईल. आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात.’ ही पाटी खोटे सांगत नाही. पण प्रत कोणाकडे जाते आणि किती दिवस राहते, हे पाहुण्याला तिच्यातून कळत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, संमतीवर माहिती घेताना ती कोणती आणि कशासाठी, संमती मागे कशी घ्यावी व तक्रार कोठे करावी, हे सांगावे लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून सूचनेची तरतूद त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहे. नुसती कागदी झेरॉक्स या कायद्याखाली येत नाही. मात्र ती स्कॅन केली, किंवा काउंटरवरच्या मुलाने आधारचा फोटो मोबाइलवर काढला, की येते.

म्हणून पाटीवरच्या सूचनेचा मसुदा लिहिण्याआधी त्या फोटोचा माग काढावा. तो मुलाच्या फोनमधून मालकाच्या व्हॉट्सअॅपवर आणि तेथून बॅकअपमध्ये जात असेल, तर ‘प्रत आमच्या नोंदवहीतच राहते’ हे वाक्य पहिल्याच दिवशी खोटे ठरते. आधी फोटो लॉजच्या एकाच फोनवर काढण्याची शिस्त लावावी. मग असे लिहावे : ‘मुक्कामाची नोंद ठेवण्यासाठी आम्ही आपल्या ओळखपत्राची एक प्रत घेतो. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना चालेल. आधार देत असल्यास पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. कायद्याने मागणी झाल्यास ही प्रत पोलिसांना दिली जाते. इतर कोणालाही दिली जात नाही.’ प्रत किती काळ ठेवायची, तो आकडा स्थानिक पोलिसांचा आदेश व लागू नियम पाहूनच भरावा.

कॅमेऱ्याच्या बाबतीत सर्वाधिक चूक दिवसांच्या आकड्यात होते. चार कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला दोन मेगाबिट, म्हणजे दिवसाला सुमारे ८६ जीबी. एक टीबीची डिस्क साधारण ११ दिवसांत भरते आणि जुन्यावर नवे चित्रण चढते. अशा लॉजच्या पाटीवर ‘३० दिवस’ लिहिलेले मी पाहिले आहे. बहुधा दुसऱ्याच्या पाटीवरून उतरवलेले. आपल्या डीव्हीआरवर सर्वांत जुने चित्रण कोणत्या तारखेचे आहे, ते पाहावे आणि लिहावे : ‘प्रवेशद्वार, काउंटर व जिना येथे कॅमेरे आहेत, खोल्यांत व न्हाणीघरांत नाहीत. चित्रण सुमारे ११ दिवसांनी आपोआप पुसले जाते. चोरी किंवा तक्रारीचा भाग मात्र चौकशी संपेपर्यंत वेगळा ठेवला जातो.’

शेवटी विचारणा किंवा तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचे नाव व फोन क्रमांक असावा, आणि तेथे दाद न लागल्यास भारतीय डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येते, हेही लिहावे. पाटी मराठीत असावी. परप्रांतीय पाहुण्यांसाठी हिंदी व इंग्रजी प्रती काउंटरवर ठेवाव्यात, आणि फोटो काढण्यापूर्वीच ती वाचायला द्यावी.