फोन त्यांच्या हातात, आपले हात मांडीवर

नमस्कार मंडळी. आसपासच्या ज्येष्ठांना फोन, व्हिडिओ कॉल आणि बँकेचं ॲप शिकवून त्याचे पैसे घ्यायचे, असं काम सुरू करू पाहणाऱ्यांसाठी आजचा व्हिडिओ आहे. तो मुख्यतः पहिल्या दोन भेटींबद्दल आहे.

सुरुवातीला मी कसा चुकलो ते सांगतो. कुणी म्हणालं, "अरे, हे चालत नाहीये बघ," की मी हात पुढे करायचो, फोन घ्यायचो, दोन मिनिटांत काम करून परत द्यायचो. माणूस खूश, मीही खूश. आठवड्याने त्याच घरून त्याच तक्रारीचा फोन. मी दुरुस्त काय केलं होतं? फोन. वापरणारा होता तिथेच होता.

आता नियम एकच. फोन त्यांच्या हातात, माझे हात माझ्या मांडीवर. बोट दाखवायचं तर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने, काचेला न लावता.

शहात्तर वर्षांच्या एका आजींचं उदाहरण घेऊ. त्यांच्या दोन तक्रारी होत्या. व्हिडिओ कॉलवर नातीला त्या दिसत नाहीत, फक्त काळा चौकोन दिसतो. आणि फोन "आपोआप काहीतरी करतो", चिन्हं जागची हलतात, नको ते उघडतं.

मी म्हटलं, "आजी, काही सांगू नका. नातीला कॉल लावून दाखवा." आणि गप्प बसलो. ही पहिली पाच मिनिटं फार मोलाची असतात, कारण तेव्हा स्क्रीनकडे नाही, बोटाकडे बघायचं असतं. आजी चिन्हावर बोट ठेवायच्या, नीट दाबलं गेलं ना अशी खात्री करायच्या आणि मग उचलायच्या. जुन्या बटणांच्या फोनची सवय. टचस्क्रीनला मात्र लगेच उचललेलं बोट म्हणजे 'उघड' आणि रेंगाळलेलं बोट म्हणजे 'हलव' किंवा 'काढून टाक'. फोन आपोआप काही करत नव्हता, आजींच्या सावकाश बोटाचा अर्थ तो वेगळा लावत होता.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो. त्यात Touch & hold delay सापडतं. कंपनीगणिक जागा थोडी बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत शब्द टाकून शोधा. तिथे शॉर्टचं लाँग केलं की बोट जरा रेंगाळलं तरी फोन ते साधं दाबणंच समजतो. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी, मग टच, मग हॅप्टिक टच, आणि तिथे स्लो. हे त्यांच्याच बोटाने करवून घेतलं. त्याच बैठकीत अक्षरं मोठी केली आणि स्क्रीन विझण्याचा वेळ तीस सेकंदांवरून दोन मिनिटांवर नेला. वाचता वाचता स्क्रीन काळी झाली की माणूस समजतो, आपणच काहीतरी बिघडवलं.

आता तो काळा चौकोन. कॅमेरा बिघडला असता तर फोटो निघाला नसता. आधी फोटो काढायला सांगितला, छान निघाला. म्हणजे कॅमेरा ठीक, कॉलच्या ॲपला परवानगी नाही. झालं असं की कधीतरी "परवानगी द्यायची का?" हा प्रश्न आला, आजी घाबरल्या आणि "नाही" दाबलं. पुन्हा आला, पुन्हा "नाही". अँड्रॉइड 11 पासून दोनदा नाही म्हटलं की फोन तो प्रश्न विचारणंच बंद करतो. मग आजी कितीही वेळा कॉल लावोत, पलीकडे काळोखच. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, परमिशन्स, कॅमेरा, "ॲप वापरात असतानाच परवानगी". मायक्रोफोनचंही तिथेच बघून घ्या. अनोळखी प्रश्नाला "नाही" म्हणणं ही चांगलीच सवय आहे, ती मोडू नका. "कॉल लावताना कॅमेऱ्याचा प्रश्न आला तर हो, बाकी कधीही आला तर मला विचारा," एवढंच वहीत लिहून घेतलं. वही त्यांची, अक्षर त्यांचं, शब्दही त्यांचेच. आजी त्या ॲपला "हिरवा फोन" म्हणतात, तर वहीत हिरवा फोनच.

बँकेचं ॲप मी पहिल्या भेटीत उघडू देत नाही. दुसऱ्या भेटीत उघडतो आणि तिथे हात मांडीवर ठेवण्याचा नियम आणखी कडक होतो. पिन टाकायची वेळ आली की मी उठून खिडकीकडे तोंड करून उभा राहतो. हे थोडं नाटकीच आहे, पण मुद्दाम करतो. पुढे कुणी पिन विचारला तर "तो शिकवायला येतो, तोही बघत नाही" हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं हवं.

आजींना मुलीच्या खात्यात पैसे पाठवायचे होते. खाते क्रमांक चार-चार आकडे करून मोठ्याने वाचला, टाकला, परत वाचला. बँकेने खातेदाराचं नाव दाखवलं तर ते वाचायचंच. कित्येकदा पैसे नुसत्या क्रमांकावर जातात आणि एक आकडा चुकला तर परत मिळवणं जिकिरीचं होतं. म्हणून आधी अगदी किरकोळ रक्कम, मग मुलीला फोन, "आले का?", आणि ती हो म्हणाली की उरलेली.

मध्ये ओटीपी येतो. इथे बरेच शिकवणारे घाई करतात. फोन कीबोर्डच्या वर ते सहा आकडे आपणहून दाखवतो, आपण म्हणतो, "तिथे दाबा," आणि झालं. पण मेसेज वाचलाच गेला नाही! किती रकमेसाठी, कशासाठी, हे त्या मेसेजच्या वाक्यात असतं. आजींना मी आधी मेसेज उघडून पूर्ण वाक्य वाचायला लावलं. वाचेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. त्या गडबडल्या. "संपू द्या आजी, दुसरा मागवू." मुदत संपल्याने पैसे जात नाहीत, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढे कुणी फोनवर "लवकर सांगा, वेळ संपतोय" म्हणालं तरी हात थरथरत नाही.

दूर राहणारी मुलं सुचवतात, स्क्रीन शेअर करायचं ॲप टाका, आम्ही इथूनच बघू. मी नको म्हणतो. बँकेची बरीच ॲप्स अशा वेळी काळी स्क्रीनच दाखवतात. शिवाय फसवणारेही नेमकं हेच ॲप टाकायला सांगतात, तेव्हा ते ओळखीचं झालेलं नको.

आता पैशांचं. कामागणिक दर लावू नका. लावलात की काम उरकायची घाई होते आणि फोन आपल्या हातात येतो. भेटीचा तासाचा दर ठरवा, आधीच सांगा, पावती द्या. आणि तो दर त्यांच्या बँकेच्या ॲपमधून घेऊ नका. सरावाला सोपं वाटतं, पण तुमचं खातं त्यांच्या यादीत जोडलेलं राहतं. उद्या कुठे रकमेचा घोळ झाला तर घरचे पहिलं नाव तेच वाचतील. मी रोख किंवा चेक घेतो.

पुढच्या भेटीला गेलात की वही उघडू नका, "काय शिकलो आपण" असंही विचारू नका. "मला कॉल लावा" एवढं म्हणा आणि गप्प बसा. बोट जिथे अडेल, तिथून त्या दिवसाचं काम सुरू.