सोन्याच्या साठ्याला पुट ऑप्शनचे कवच: एका सराफाचा हिशेब

नमस्कार. 23 जुलै 2024 रोजी केंद्रीय अर्थसंकल्पात सोन्यावरचे आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणले गेले आणि त्याच दिवशी एमसीएक्स या वस्तुबाजारावरील सोन्याचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीचा करार, दहा ग्रॅममागे सुमारे चार हजार रुपयांनी उतरला. जागतिक बाजारात सोने त्या दिवशी जवळपास स्थिर होते. म्हणजे ही पडझड केवळ भारतातल्या भावाची होती आणि परदेशी बाजारात घेतलेले कोणतेही संरक्षण त्या दिवशी आपल्या सराफाच्या कामी आले नसते.

अशा पडझडीत एमसीएक्सवरचा पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने वायदा विकण्याचा हक्क, कसा कामी येतो हे जळगावच्या एका सराफाच्या उदाहरणातून पाहू. व्यक्ती आणि आकडे दोन्ही कल्पित आहेत, पण प्रमाण त्या वेळच्या वास्तवाला धरून आहे. त्यांच्याकडे 22 कॅरेटचे सुमारे 1,092 ग्रॅम दागिने आहेत. शुद्धता 91.6 टक्के धरली, तर त्यात साधारण एक किलो चोख सोने भरते, आणि संरक्षण द्यायचे आहे ते या एका किलोला. घडणावळीला ऑप्शनचे संरक्षण मिळत नाही. तसेच बँकेकडून धातुकर्जावर, म्हणजे पैशांऐवजी सोन्याच्याच रूपात, उसन्या घेतलेल्या ज्या सोन्याचा भाव अजून निश्चित झालेला नाही, ते या मोजणीत धरायचे नाही, कारण भाव पडला तर त्याची परतफेडही तेवढीच स्वस्त होते.

गोल्ड मिनी वायद्याचा लॉट, म्हणजे व्यवहाराचे एकक, 100 ग्रॅमचा असतो, म्हणून एका किलोसाठी दहा लॉट लागतील. समजा वायद्याचा भाव दहा ग्रॅमला 72,500 रुपये आहे. आपले सराफ 72,000 स्ट्राइकचा, म्हणजे त्या भावाने विकण्याचा हक्क देणारा, महिनाभराची मुदत असलेला पुट घेतात आणि त्याची किंमत, म्हणजे प्रीमियम, दहा ग्रॅममागे 900 रुपये देतात. एका किलोचा खर्च 90,000 रुपये होतो. हा पैसा परत येत नाही, पण भाव चढला म्हणून याहून अधिक काही भरावेही लागत नाही.

[पडद्यावर: भाव 72,500 → 68,500]

आता भाव 68,500 वर आला. साठ्याची किंमत चार लाखांनी घटली. पुटची किंमत मात्र किमान 3,500 रुपये, म्हणजे किलोमागे साडेतीन लाख असायला हवी. प्रीमियम वजा केल्यावर हाती 2,60,000 रुपये राहतात आणि सराफाचे निव्वळ नुकसान 1,40,000 वर थांबते. भाव आणखी खाली गेला, तरी मुदतीअखेरीस हा आकडा जवळपास तिथेच राहतो. उलट भाव 76,000 झाला, तर पुट निरुपयोगी ठरतो, पण साठ्यावरचा साडेतीन लाखांचा नफा 90,000 वजा होऊन त्यांचाच राहतो.

वायदा विकूनही बचाव झाला असता, पण भाव चढला असता तर साडेतीन लाखांची रक्कम रोजच्या रोज ब्रोकरकडे रोखीने भरावी लागली असती. साठ्याची किंमत वाढली, तरी ती दागिन्यांत अडकलेली असते. माझ्या मते, लग्नसराईसाठी माल भरून बसलेल्या पेढीला हाच ताण सर्वांत जास्त जाणवतो, आणि पुटचा खरा उपयोग इथे आहे.

तरीही दर महिन्याला पुट घेत राहणे मला परवडणारे वाटत नाही. 900 रुपये बारा वेळा दिले, तर वर्षाला 10,800 रुपये होतात, म्हणजे सोन्याच्या भावाच्या जवळजवळ 15 टक्के. जो सराफ विकलेले सोने त्याच दिवशी पुन्हा भरतो, त्याच्या कायमच्या साठ्यातले नुकसान बरेचसे कागदावरचे असते. मात्र साठ्याच्या मूल्यावर बँकेची उचल, म्हणजे काढता येणारे कर्ज, ठरत असेल, तर तेच नुकसान खेळत्या भांडवलाला भिडते. म्हणून संरक्षण द्यायचे ते ज्या मालाच्या पडझडीने उचल तुटेल त्याला, आणि तेही अर्थसंकल्पासारख्या काळापुरते. मात्र अशा दिवसाच्या तोंडावर प्रीमियम फुगलेला असू शकतो, त्यामुळे खरेदी आधी करावी.

शेवटी मुदतीबद्दल. एमसीएक्सवरील हे पुट मुदतीपूर्वी वापरता येत नाहीत, पण विकता येतात. मुदतीच्या दिवशी नफ्यातला पुट विकल्या गेलेल्या वायद्यात रूपांतरित होतो आणि त्यासाठी मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, भरावे लागते. त्याची तयारी नसेल, तर पुट आधीच विकावा. भाव खूप खाली गेल्यावर 72,000 च्या पुटला खरेदीदार कमी उरतात, आणि कोणी 3,500 ऐवजी 3,300 च देऊ करू शकतो. त्यामुळे विक्रीचा आदेश भाव नमूद करूनच द्यावा, एकाच वेळी दहाही लॉट बाजारभावाने काढू नयेत. आणि दरम्यान दुकानातून 200 ग्रॅम चोख सोन्याएवढा माल विकला जाऊन त्याजागी नवा भरला नसेल, तर त्याच दिवशी दोन लॉटही विकून टाकावेत. नाहीतर नसलेल्या सोन्याचे संरक्षण आपण खिशातून सांभाळत बसतो.